उद्यावाली कांता

मोहन्यात ब्लाउज शिवणाऱ्या कांताताईंना सगळे ‘उद्यावाली’ म्हणायचे. ब्लाउज कधी मिळेल असं कधीही विचारा, उत्तर एकच: ‘उद्या!’ त्यामुळे तरुण मंडळाने वेळेच्या नियोजनावर बोलायला त्यांनाच उभं केलं, तेव्हा पोरं आधीच फिदीफिदी हसायला लागली.

“हसा मेल्यांनो! अख्ख्या मोहन्याच्या शिव्या खाऊन शिकलेय मी,” ताई कडाडल्या. “आता सोमवारीच आठवडा आखते. हातून होईल तेवढंच काम घेते, शनिवार उसवाउसवीला मोकळा ठेवते. लग्न रविवारी असलं तर माझी तारीख गुरुवारची. आणि जमणार नसेल तर तोंडावर नाही म्हणते.”

मंडळाचा अध्यक्ष ऋतुराज याने लगेच परीक्षा घेतली. “ताई, लेझीमवाल्यांचे वीस कुर्ते या रविवारपर्यंत होतील ना?”

ताईंच्या ओठांवर ‘उ’ आलेला. तो त्यांनी गिळला.

“आठ होतील. बाकीचे त्याच्या पुढच्या रविवारी. पटत नसेल तर दुसरा टेलर बघ.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात ऋतुराजच वाजवत होता.

“आता तू सांग,” ताई म्हणाल्या, “तुझ्या वाढदिवसाचा तो बॅनर दहीहंडीपासून माझ्या दुकानाची पाटी झाकून लटकतोय. कधी काढतोस?”

“उद्या, ताई! एकदम पक्का!”