दौंडचं क्वार्टर रिकामं करताना

नवऱ्याची रेल्वेतली नोकरी संपली आणि दौंडचं क्वार्टर सोडायची वेळ आली. शिरूरला आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. तिथं निम्मं सामानही मावणार नव्हतं. पुण्यात राहणाऱ्या लेकीनं माझ्या फोनवर जुन्या वस्तू विकायचं ॲप टाकून दिलं आणि म्हणाली, "आई, फोटो काढून टाक. आठवड्यात घर मोकळं होईल."

आठवडा कसला, महिना गेला. आणि त्या महिन्यात मला माणसांचा जेवढा वीट आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

काय विकलं जाईल याचे माझे सगळे अंदाज चुकले. काचेचा डिनर सेट बावीस वर्षं जपून ठेवला होता, पाहुण्यांनाही कधी काढला नाही. तो कुणी विचारलासुद्धा नाही. मोठ्या पेटीसारखा जुना टीव्ही टाकला, त्यावर एकानं फक्त हसण्याचं चिन्ह पाठवलं. कूलर मात्र फेब्रुवारीच्या शेवटी टाकला आणि दुसऱ्याच दिवशी गेला. लोखंडी कपाटही तसंच झटकन गेलं. हळूहळू कळलं, की लोकांना आपली हौस नको असते, त्यांच्या कामाची वस्तू हवी असते. आसपासच्या लोकांनी तीच वस्तू कितीला लावली आहे ते आधी बघायचं, मगच आपली किंमत टाकायची. ओरखडा असेल तर त्याचाही फोटो द्यायचा, म्हणजे दारात येऊन कुणी नाक मुरडत नाही.

तरी मुरडायचेच. सकाळी उठून फोन बघावा तर "लास्ट किती?" असे वीस मेसेज. ना नमस्कार, ना वस्तूबद्दल एक प्रश्न. पाच हजारांच्या फ्रिजला एकानं आठशे लावले आणि वर "घरपोच द्या" म्हणाला. एक जोडपं फ्रिज बघायला आलं. त्यातल्या बाईनं दार उघडून आत नाक खुपसलं आणि नवऱ्याला म्हणाली, "वास येतोय." मी तो फ्रिज सोड्यानं दोनदा पुसला होता. ती गेल्यावर मी वेड्यासारखी पुन्हा हुंगून बघितला.

मग वॉशिंग मशीनची जाहिरात टाकली आणि पाच मिनिटांत फोन वाजला. हिंदीत बोलणारा माणूस, आवाज अदबशीर. सैन्यात आहे म्हणाला, बदली जवळच झाली आहे. मी सांगितलेली किंमत त्यानं एका रुपयानंही कमी केली नाही. मशीन चालतं का, हेही विचारलं नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं. मशीन न्यायला टेम्पो येईल, पैसे आत्ताच पाठवतो, म्हणाला. नवरा लगेच खूश झाला. गणवेश दिसला की त्याचा जीव विरघळतो.

पैशांसाठी नवऱ्यानं स्वतःचा नंबर दिला. त्या माणसानं त्यावर एक कोड पाठवला. "अंकल, पहले पाँच रुपये से चेक कर लेते हैं. कोड स्कॅन करो, पिन डालो, पैसा आ जायेगा."

नवऱ्यानं पिन टाकला. खात्यातून पाच रुपये गेले आणि मिनिटभरात दहा जमा झाले. "बघ, माणूस सरळ आहे," तो मला म्हणाला. तेवढ्यात दुसरा कोड आला. नवऱ्याचं बोट आकड्यांवर गेलं होतं. मी कणीक मळत होते, तशीच डोकावले. पडद्यावर आठ हजार दिसत होते आणि वर लिहिलं होतं, 'पैसे द्या'.

"अहो, थांबा. आपल्याला पैसे मिळायचेत ना? मग इथं द्या का म्हणतंय?"

"अगं, तशीच पद्धत असेल."

मी कणकेच्या हातानं फोन ओढून घेतला. लेकीला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "आई, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. त्याला ब्लॉक करा आणि बाबांचा पिन बदला."

मी त्या माणसाला सांगितलं, की रोख घेऊन या नाहीतर राहू द्या. त्यावर तोच अदबशीर आवाज माझ्या आईवरून शिव्या द्यायला लागला. मी फोन बंद केला. ॲपवर तक्रार केली. नवरा खुर्चीत नुसता बसून राहिला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. मला त्या माणसाची किळस आलीच, पण त्याहून जास्त कुणा जवानाच्या ओळखपत्राचा त्यानं जो वापर केला होता त्याची आली.

त्यानंतर मी दगड झाले. चार दिवसांनी एका पोरगेल्या गिऱ्हाइकानं मिक्सरसाठी पैसे भरल्याचा फोटो दाखवला. मी माझं खातं उघडलं, तिथं काहीच नव्हतं. मिक्सर त्याच्या हातातून काढून घेतला. तो वाद न घालता निघून गेला, म्हणजे फोटो खोटाच होता.

आणि मग निमोणे गावची एक बाई आली. शिलाई मशीनसाठी. तिशीची असेल, दिराच्या पिकअपमधून आली होती. दीर बाजारात माल उतरवून तिला घ्यायला येणार होता. तिनं मशीनचा पट्टा ओढून बघितला, बॉबिन काढून पाहिली, पिशवीतून आणलेल्या चिंधीवर टीप मारली. एवढ्या दिवसांत वस्तू समजून घेणारी ती पहिलीच.

"टीप सरळ पडती, ताई. घेते मी." तिनं पैसे पाठवले.

माझ्याकडे आले नाहीत. तिच्या खात्यातून गेले, पण वर 'प्रलंबित' लिहून आलंय, असं ती म्हणाली. तिनं फोन पुढं केला. मी बघितलासुद्धा नाही.

"असे फोटो खूप बघितलेत मी," मी म्हणाले. "माझ्या खात्यात आल्याशिवाय मशीन हलणार नाही."

"फोटू न्हाई ताई, माझ्याच फोनवर हाय बघा."

"बाहेर थांबा."

मी दाराला आतून कडी घातली. ती पायरीवर बसली. मार्चचं ऊन होतं. दीर येऊन गेला. खिडकीतून मला त्याचा आवाज आला, "चल, दुसरीकडं बघू." ती म्हणाली, "पैसं गेल्यात माझं. कुठं जाऊ?" तो तासाभरानं येतो म्हणून गेला.

दोन तासांनी माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला. मी खात्यात जाऊन खात्री केली. पैसे पूर्ण आले होते.

कडी काढली. ती उठली, साडी झटकली. मी म्हणाले, "आले पैसे. या आत, चहा टाकते."

"नगं," ती म्हणाली. रागावलेली नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. "मशीन दिली न्हाई त्याचं काय न्हाई, ताई. मी बी दिली नसती. पर पानी तरी इचारायचं."

दीर आल्यावर मी एका बाजूनं मशीन धरलं आणि पिकअपपर्यंत नेलं. तेलाची कुपी, सुयांची डबी आणि जादा बॉबिन तिच्या पिशवीत घातल्या. तिनं त्या घेतल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू बरोबरच केलंस." पैशांच्या बाबतीत बरोबरच केलं होतं, आजही तसंच करीन. पण दोन तास खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती आणि माठ माझ्या हाताशी होता. त्या शिव्या देणाऱ्यानं माझा एक रुपया नेला नव्हता, तरी काहीतरी नेलं होतंच, आणि ते त्याला मी आपण होऊन दिलं होतं, या विचारानं मला स्वतःचाच उबग आला.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या सगळ्या जाहिराती काढून टाकल्या. वॉशिंग मशीन शेजारच्या क्वार्टरमधल्या नव्या संसाराला स्वस्तात दिलं. टीव्ही भंगारात गेला. डिनर सेट शिरूरला आणला आणि आता आम्ही रोज त्यातच जेवतो.