झेंड्याऐवजी दोन अक्षरं

ऑफिसातून लेकीला मेल टाकला, ‘झेंडाही काढलास? बरं केलंस.’ आणि स्वतःवरच खूश झालो. थोडक्यात टोमणा मारायची आमच्या घराण्याची जुनी हौस.

झालं असं, की लेक डब्लिनला वेबसाइट बनवायच्या कामाला आहे. मधूनमधून ती मला चार ओळींचा मेल लिहिते. नावाखाली दोन इवले झेंडे, एक आपला, एक तिथला. ते मी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचायचो. पण आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्यात नवा नियम आला, मोबाईल गेटवर जमा. मग डबा उघडून ऑफिसच्या कंप्युटरवरच तिचा मेल वाचला. नावाखाली झेंडे गायब. इंग्रजीतली रोडकी अक्षरं तेवढी, आय-एन आणि आय-ई.

आदल्याच रविवारी तिनं फोनवर विचारलं होतं, “पप्पा, मी इथं कायम राहायचा अर्ज करू का?” मी “चहा उतू चाललाय” म्हणत फोन बायकोच्या हातात दिला होता. चहा केव्हाच पिऊन झाला होता. त्यामुळं ती अक्षरं बघितली आणि मी समजून चुकलो, पोरगी रागावली, आपल्याला उतरवून ठेवलं तिनं. म्हणून तो टोमणा. नंतर मात्र डब्यातल्या भाजीलाही चव नव्हती.

संध्याकाळी बायकोच्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल.

“पप्पा, तोच मेल आता तुमच्या मोबाईलवर उघडा.”

उघडला. दोन्ही झेंडे जागच्या जागी.

“मी काही काढलं नाही. झेंडा चित्र म्हणून जातच नाही. देशाच्या कोडची दोन खास चिन्हं जातात, भारताची आय-एन, आयर्लंडची आय-ई. फोनच्या फॉन्टमध्ये, म्हणजे अक्षरांच्या संचात, त्या जोडीचा झेंडा असतो, तो दिसतो. तुमच्या कंप्युटरच्या फॉन्टमध्ये देशांचे झेंडे ठेवलेलेच नाहीत. मग नुसती अक्षरं दिसतात.”

“का नाही ठेवले?”

“देशादेशांच्या भांडणात पडायला नको म्हणून, असं लोक म्हणतात. खरं कारण कुणी सांगितलेलं नाही. आम्हालाही साइटवर झेंडा हवा असला तर वेगळं चित्र टाकावं लागतं.”

“म्हणजे कंप्युटर खराब नाय माझा?”

“नाय हो पप्पा. तुमचं डोकं तेवढं दाखवून घ्या.”

हसलो दोघंही. मग मी जपानचा झेंडा कसा जातो, नेपाळचा कसा जातो, विचारतच राहिलो. ती सांगत राहिली, मग नुसती हं हं करायला लागली. शेवटी म्हणाली, “बरं पप्पा, ठेवते.” पडद्यावर माझंच तोंड उरलं, जरा वाकडं.

बायको वाळलेले कपडे घडी करत ऐकत होती. तिनं माझ्याकडं न बघताच म्हटलं, “अहो, एवढा वेळ झेंड्याचंच चाललं होतं. पोरगी अर्जाचं विचारून बसलीय, तिला काय सांगितलं तुम्ही?”