तोंडावरचा पदर

शहापुरात आमच्या घरी माग सुरू झाले की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. आम्ही एकमेकांचे ओठ पाहून बोलायचो. या कसबाचं आम्हाला भारी कौतुक होतं, आणि त्यानंच घात केला.

धाकट्या बहिणीला चौथ्या वर्षी गोवर आला. तो उतरला, पण मग तिच्या बोलण्यातले आवाज एकेक करून घर सोडून जाऊ लागले. आधी स आणि श गेले, पाठोपाठ च. साखर मागताना ती 'आअर' म्हणे. पुढं शब्दाचा शेवटही गळून पडू लागला. दुधाचं नुसतं 'दू' उरे. मला हाक मारताना आक्कातला क घशातच राही. ओठांवर दिसणारे प, ब, म टिकले, पण एकमेकांत मिसळून. मामा आला की ती 'पापा' म्हणे. आ शाबूत होता, ई मात्र विरघळून अ होई. 'आप्पा' लख्ख यायचं, आणि आईची झाली 'आअ'.

आईला ते फार लागलं. "बापाला बरी हाक मारतीस! माझ्याच नावाला जीभ वळत न्हाय व्हय गं?"

जीभ जड आहे, असं घरानं ठरवलं. वेखंड घासून झालं. शेवटी जिभेखालचा दोरा कापायला वैदू बोलावला.

तो आला त्या दिवशी अमावास्या होती, माग बंद होते. नंदगडहून चुलती आली होती. आजोबांसमोर तोंडावर पदर धरून तिनं पोरीला जवळ बोलावलं. पोर नुसती बघत राहिली.

"वैनी, हिला ऐकूच येत न्हाय," चुलती म्हणाली.

"कायतरीच! मागाच्या गलक्यात माझं सगळं ऐकती ती," आई उसळली. वैदूनं पातं पुसायला घेतलं होतं. आईनं रागानंच पदर तोंडावर धरला आणि पोरीला हाक मारली. परत मारली. घरात एवढी शांतता होती, की मला भीती वाटली.

पोर आईजवळ गेली. तिनं दोन्ही हातांनी पदर खाली ओढला आणि आईच्या ओठांकडे पाहत उभी राहिली.

वैदूला आप्पांनी वाटेला लावलं. त्यानंतर आईनं कुणासमोरही तोंडावर पदर घेतला नाही, आजोबा रागावले तरी.

बहिणीचं बोलणं काही सुधारलं नाही. आम्हाला ते कळे, तेवढ्यावर तिचं चाललं.

आई गेली तेव्हा ती चांगली मोठी झाली होती. बायकांनी आईच्या तोंडावर लुगडं ओढलं. ती गर्दीतून पुढे आली, लुगडं हनुवटीखाली सारलं आणि "आअ" म्हणाली. मग ओठ हलायची वाट पाहत बसली.