वरच्या सप्तकाची पेटी

जुन्या वस्तूंच्या जाहिराती मी बऱ्याच वाचल्या आहेत. हिंगोलीत माझा गाण्याचा छोटा क्लास आहे. शिकायला येणाऱ्या मुली वाढल्या की पेट्या कमी पडतात, आणि नवी पेटी घेणं दर वेळी जमत नाही. म्हणून मोबाइलवर शोधत बसायचं. बहुतेक जाहिरातींत एकच ओळ असते, ‘एकदम नव्यासारखी’. प्रत्यक्षात गेलं की भात्यातून फुसफुस हवा जात असते आणि चार पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव घेत नाहीत.

ही जाहिरात वेगळी होती. सेनगावजवळच्या एका गावातून कुणीतरी टाकलेली. मी ती दोनदा वाचली.

‘दिल्ली बनावटीची पेटी, सागवानी. साडेतीन सप्तकं, खर्ज-नर-मादी तिन्ही ओळी, पालीताणा रीड, कपलर चालू. स्केल चेंजर नाही. भाता दमदार, हवा धरते. खर्ज आणि नर उत्तम. मादीच्या ओळीत वरचं सप्तक बसलं आहे, शेवटच्या पट्ट्यांना नुसती हवा येते. झालेली दुरुस्ती: भात्याचं कातडं नवीन, कपलरच्या तारा नवीन, वरच्या रीड दोनदा काढून साफ केल्या, नंतर बदलल्या, तरी फरक नाही. सोबत लाकडी पेटारा, मखमली खोळ, आणि बदललेल्या जुन्या रीड डबीत. घेणाऱ्यानं स्वतः येऊन वाजवून पाहावी.’

आपल्या वस्तूचा दोष इतका उघड लिहिणारा माणूस मी पाहिला नव्हता. वरच्या रीडचं काम आमच्या ओळखीच्या कारागिराकडून होईल, असा हिशोब करून मी फोन लावला. एका तरुणानं उचलला. तो म्हणाला, “पेटी बाबांची आहे. ते सांगत गेले, मी फक्त टाइप केलं. मी पुण्याला असतो, तुमी घरी जा, आई-बाबा हायेत.”

रविवारी सकाळी जीपनं गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत होतं. घर गावाच्या कडेला, नव्या बांधणीचं, पुढे पत्र्याची पडवी. काका सत्तरीच्या आसपासचे, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. आसपासच्या गावांत कीर्तनाला पेटीची साथ करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पेटी पडवीत सतरंजीवर मांडून ठेवली होती, खोळ नीट घडी करून शेजारी.

“या ताई. आधी पाणी घ्या, मग वाजवा,” ते म्हणाले. काकूंनी तांब्या आणून ठेवला.

मी बसले. भाता दोनतीनदा मारला आणि सगळे स्टॉप, म्हणजे एकेका ओळीला हवा सोडणाऱ्या खुंट्या, बंद ठेवून थांबले. भाता खरंच हवा धरून होता. मग खर्जाचा, सगळ्यात जाड आवाजाच्या ओळीचा, स्टॉप ओढला. सूर असा भरून आला की माझी बोटं आपोआप पुढे सरकली. मधल्या आवाजाचा नर ओढला, तोही स्वच्छ. कपलर लावला, वरच्या पट्टीबरोबर खालची पट्टी बरोबर दबत होती. जाहिरातीतला शब्दन् शब्द खरा होता.

मग बाकीचे स्टॉप बंद करून सगळ्यात बारीक आवाजाच्या मादीचा ओढला आणि मधल्या सप्तकातून वर वर जाऊ लागले.

काही अडलं नाही. तार सप्तकातला सा आला, त्याच्यावरचा रे आला, ग आला. आवाज बारीक पण धारदार, शेवटच्या पट्टीपर्यंत. उलट इतका टोकदार की एखाद्या रीडला जरा घासून मऊ करायला हवं होतं. मी पुन्हा वाजवलं. मग चुकीची ओळ तर नाही ना ओढली म्हणून स्टॉप तपासला.

“काका, वरच्या रीड तर छान बोलतात,” मी म्हणाले.

ते हसले. “ताई, घेणाऱ्यानं खोड काढायची असते. तुमी उलटंच करून राहिल्या.”

“खरंच सांगते. हा बघा.” मी शेवटचा सूर धरून ठेवला.

ते वाकून माझ्या बोटाकडे पाहत राहिले. पडवीभर तो सूर घुमत होता. दारात चहाचे कप घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी कपाळ आक्रसलं, इतका तो कानात शिरत होता. काका मान हलवत म्हणाले, “बघा. नुसती हवा. फस् फस्. पट्टी दबती, बोलत न्हाई.”

माझं बोट पट्टीवरच राहिलं. काय चाललंय ते मला कळलं होतं, पण कळलेलं मनात उतरत नव्हतं. हे थट्टा तर करत नाहीत ना, असंही वाटून गेलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचं काही नव्हतं. आपली आजारी गाय परक्या माणसाला दाखवताना जसं खरं सांगायचं असतं, तसे ते बसले होते.

मी मोबाइल काढला. त्यात सूर जुळवायचं एक अ‍ॅप आहे. सूर लागला की अक्षर दिसतं आणि काटा मधे येऊन थांबतो. फोन पेटीवर ठेवला आणि त्यांना म्हणाले, “काका, तुम्हीच वाजवा. काट्याकडे लक्ष ठेवा.”

त्यांनी नर ओढून मधला सा दाबला. काटा मधे आला. “व्हय, बराबर आहे,” ते म्हणाले. मग मादी ओढून वर गेले. प, ध, नी. काटा प्रत्येक सुराला उडी मारून मधे येऊन थांबत होता. ते एक पट्टी सोडून पुढच्या पट्टीवर जात, काटा पाहत, पुन्हा मागच्या पट्टीवर येत. शेवटच्या सुराला काटा हिरवा झाला आणि हलेना. त्यांनी भाता मारणं थांबवलं. काटा पडला. पुन्हा भाता मारला. काटा उठला.

त्यांनी कान पेटीच्या जाळीला लावला आणि तसाच सूर धरला. मला तो आवाज जवळून ऐकवत नव्हता. बऱ्याच वेळानं मान वर करून ते काकूंना म्हणाले, “तुला येतंय का ऐकू?”

“व्हय. येतंय की.”

“कवापासून?”

“कवापासून म्हंजे? कायमच येतंय.”

“मग बोलली काहून न्हाईस?”

काकूंच्या हातात कप तसेच होते. त्या म्हणाल्या, “मला काय माहीत तुमाला येत न्हाई. तुमी म्हणायचे सूर बसला. मला वाटलं ते तुमचं सुरातलं काही असंल. मला सुरातलं काय कळतं?”

काकांनी शेजारची पत्र्याची डबी उघडली. जुन्या रीड कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, पितळेच्या बारीक पात्या. कारागिरानं काढून बदललेल्या. त्यातली एक त्यांनी ओठाशी धरून फुंकली. तिचा बारीक, स्वच्छ सूर मला ऐकू आला. त्यांनी दुसरी फुंकली, तीही बोलली. मग बोट ओठांवरून फिरवत ते हळू आवाजात म्हणाले, “झिणझिण्या येऊन राहिल्या. वाजती ना ही?”

मी मान हलवली.

“म्हंजे या बी चांगल्याच होत्या.”

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मी एक पेटी बघायला आले होते. या माणसाला हे माझ्याकडून, एका अनोळखी बाईकडून, असं कळावं हे मला सहन होत नव्हतं. 

मग काकू बोलू लागल्या, आणि त्या बोलतील तसा माझा धक्का वाढत गेला. वर्षदीड वर्षापासून काका हाकेला ओ देत नाहीत म्हणून त्या त्यांच्यावर रुसत होत्या. गड्यांचं, शेजारच्या पुरुषांचं बोलणं त्यांना समजायचं. सुनेचा फोन आला की मात्र ‘ही पुटपुटती’ म्हणून ते फोन मुलाला द्यायला लावायचे. घरात वाटे, म्हातारपणी चिडके झाले. कीर्तनातही तेच. वरचा सूर येत नाही म्हणून ते सगळे स्टॉप ओढून जोरात भाता मारायचे. एका बुवांनी तोंडावर सांगितलं की पेटी कानात घुसती, आमचं गाणं दबतं. काकांना वाटलं बुवांना साथीदार बदलायचाय. बोलावणी कमी होत गेली. शेवटी त्यांनी ठरवलं की पेटीच म्हातारी झाली. जी साथ देत नाही ती ठेवायची कशाला, म्हणून जाहिरात.

“त्या कारागिराला मी काय काय बोललो,” काका म्हणाले. “त्यो म्हणायचा, काका, रीडला काही झालं न्हाई. मी म्हणलं, तुला काम येत न्हाई.”

मी पेटी घेतली नाही. घेणार तरी कशी? कानाच्या डॉक्टरांना दाखवा, नांदेडला चांगले आहेत, एवढं सांगितलं आणि निघाले. परतीच्या जीपमध्ये दोन शेतकरी सोयाबीनच्या भावाबद्दल तावातावानं बोलत होते. त्यांचा एक शब्द माझ्या डोक्यात शिरला नाही. मी उगाच कानाशी चुटकी वाजवून बघत होते, उजवीकडे, डावीकडे.

आठवड्यानं मुलाचा फोन आला. तो रजा घेऊन आला होता. डॉक्टरांनी काकांना बंद खोलीत बसवून, हेडफोन लावून तपासलं. खालचे आवाज जवळजवळ ठीक, आणि वर जाल तशी आलेखाची रेघ उतरत गेलेली. कानाची नस कमजोर झाली आहे, गेलेलं परत येणार नाही, कानाला लावायच्या मशीननं बोलणं समजेल. मुलगा म्हणाला, “मी ती जाहिरात टाइप केली मॅडम. ‘वरचं सप्तक बसलं आहे.’ माझ्या हातानं लिहिलं आणि मला काही कळलं न्हाई.” त्याच्या आवाजात तोच धक्का होता जो मला बसला होता. जाहिरात त्यानं काढून टाकली होती.

मशीन लावून काकांनी पेटी वाजवली, तेव्हा ती त्यांना पत्र्याच्या डब्यासारखी लागली, असं मुलानंच नंतर कळवलं. त्यांनी मशीन काढून बाजूला ठेवलं. काकूंशी बोलताना लावतात, पेटीवर बसताना काढतात.

दिवाळीनंतर त्यांच्या शेजारच्या गावात कीर्तन होतं. काकांनी मुलाकरवी मला निरोप पाठवला. मी गेले, मागे बायकांत बसले. मादीचा स्टॉप त्यांनी बंद ठेवला होता. खर्ज आणि नर, दोनच. सूर भरीव, खाली जमिनीला धरून चालणारा. बुवा मोकळेपणानं गात होते. तरी एका जागी चाल वर गेली तशी काकांची बोटं पेटीच्या उजव्या टोकाकडे गेली. बोटं कुठेही चुकली नाहीत. लोक माना डोलवत होते. त्यातले किती सूर त्यांच्यापर्यंत पोचत असतील, याचा अंदाज मी त्यांच्या चेहऱ्यावरून घेऊ पाहत होते. चेहरा शांत होता, नजर बुवांच्या ओठांवर.

प्रसाद घेताना ते माझ्याजवळ आले. “वर गेलो तवा बराबर होतं का?”

“बरोबर होतं.”

“मला बोटावरून वाटलं तसं,” ते म्हणाले आणि खोळ घालायला पेटीकडे वळले.