रिकाम्या खुर्चीचं वर्णन

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. भोकरदनच्या शाळेत आमच्या बॅचचा मेळावा झाला, तेव्हा आमचे सर आजारपणामुळे आले नव्हते. सगळ्यांच्या फोटोत त्यांच्यासाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीत मी कॉम्प्युटरवर त्यांचा जुना फोटो बसवला आणि तो बॅचच्या वेबसाइटवर टाकला. आमचा एक मित्र जन्मापासून आंधळा. शाळेत सर त्याला फळ्यावरचं सगळं वाचून दाखवायचे, अर्धवट पुसलेलंसुद्धा. आता त्याचा कॉम्प्युटर वेबसाइटवरच्या फोटोला जोडलेलं, एरवी न दिसणारं वर्णन वाचून दाखवायचा. मी लिहिलं, ‘मधोमध सर हसत बसलेत.’

त्याचा लगेच फोन आला. “मंग सर आल्ते की! माझं विचारलं का रे?”

“विचारलं,” मी म्हणालो.

सर वारल्यावर मी वर्णन बदललं. ‘हा जोडलेला फोटो आहे. मधली खुर्ची रिकामी होती. सरांचा जुना फोटो तिथं नंतर बसवला.’ फोटोखालच्या ओळीतही तेच लिहिलं. पण सरांनी त्याची चौकशी केलीच नव्हती, हे त्याला स्वतःच्या तोंडानं सांगणं अजून बाकी आहे.