वीस की तीस, विचारायचं कसं

नीट ऐकू आलं नाही तरी मशीन तसं कबूल करत नाही, याचा मला पहिल्या दिवसापासून राग आहे. टाइप करणाऱ्या माणसाला शब्द कळला नाही, तर तो तिथं टिंबं देऊन जागा सोडतो. पांढरकवड्यात वकिलांकडं टाइपिंग करता करता माझे केस पिकले, आणि अशी टिंबं मी कितीदा दिली याचा हिशोब नाही. मशीन टिंबं देत नाही. जवळपासचं जे वाटेल ते ठोकून देतं, तेही ऱ्हस्व-दीर्घासकट.

आता मी एका लहानशा संस्थेत जाते. झरी जामणीकडच्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, वनहक्काचे दावे तयार करायला ही संस्था मदत करते. जंगलाच्या कडेचं वावर एखादं घर कायद्यातल्या तारखेच्या, म्हणजे डिसेंबर २००५च्या, आधीपासून वाहतं, म्हणजे कसतं, हे दाखवायला इतर पुराव्यांसोबत गावातल्या वडीलधाऱ्याचा जबाबही जोडतात. आमची पोरं तो जबाब मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतात, अ‍ॅप त्याचा मजकूर करतं, आणि मी कानाला हेडफोन लावून तो तपासते.

अ‍ॅपला आमची बोली समजत नाही. कुठल्या शहरातल्या बोलण्यावर शिकवलंय त्याला, कोण जाणे. ‘मले दिलं’ म्हटलं की ते ‘मळे दिलं’ लिहितं. ‘वावर वाहत होता’चं ‘वावर पाहत होता’ करतं. अरे, वावर काय सिनेमा आहे पाहायला? पण असल्या चुकांची मला भीती नाही, त्या वाचताक्षणी डोळ्यात खुपतात. भीती असते ती गुळगुळीत वाक्याची. वाक्य बरोबर, अर्थ बरोबर, आणि आतला एक शब्द भलताच. म्हणून आकडे, नावं, नातीगोती आणि ‘नाही’ हे शब्द मी मजकूर कितीही चांगला दिसो, आवाजाशी ताडून बघतेच. एक वाक्य मागं जाऊन ऐकायचं, नुसता तो शब्द ऐकायचा नाही. कारण समोर जे लिहिलेलं असतं तेच कानालाही ऐकू यायला लागतं.

त्या दिवशी एका विधवा बाईच्या दाव्यातला जबाब माझ्यासमोर होता. बोलणारा तिच्या पोडावरचा म्हातारा कोलाम, सगळे त्याला आबाजी म्हणतात. मजकुरात होतं, ‘ती वीस वर्षांपासून वावर वाहते.’ छान वाक्य. पण चार ओळी खाली तोच म्हातारा सांगत होता की पहिल्यांदा वावर केलं तेव्हा बाईची मोठी लेक पोटात होती, आणि आता त्या लेकीचा पोरगा चौथीत आहे. वीस वर्षांच्या लेकीचा पोरगा चौथीत कसा असेल? मी परत ऐकलं. नेमका त्या आकड्यावर कोंबडा आरवलेला. नुसतं ‘ईस’ ऐकू येत होतं. वीस की तीस, देवालाच ठाऊक.

वीस धरले तर कायद्यातली तारीख अगदी काठावर येते, आणि काठावरचा दावा कोणीही उडवतो. तीस असतील तर बाई निर्धास्त. तिच्या घरातल्या सगळ्यांचं पोट त्या वावरावर. आता हिशोबावरून तीस दिसतात म्हणून मी तीस लिहायचे का? मुळीच नाही. मग माझ्यात आणि मशीनमध्ये फरक काय राहिला? मी आकडा खोडला, टिंबं दिली, रेकॉर्डिंगमधली वेळ टाकली आणि बाजूला लिहिलं, ‘आकडा आवाजात अस्पष्ट. खालच्या मजकुराशी जुळत नाही. बोलणाऱ्याला विचारणे.’

आमच्या साहेबांना टिंबं दिसली की कपाळावर आठी पडते. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं चकाचक लागतं. अ‍ॅप आणलं ते काम लवकर व्हावं म्हणून, तुम्ही उलट अडवून ठेवता, असं मला ऐकवलं. मग माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, “आबाजी, त्या बाईला वावर वाहून वीस वर्षं झाली ना?”

तिकडून आवाज आला, “हव.”

साहेबांनी फोन ठेवला आणि टिंबांच्या जागी स्वतःच्या हातानं वीस लिहिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही विचारायची रीत झाली? उत्तर तुम्हीच त्याच्या तोंडात कोंबलं आणि त्यानं ते गिळलं! आमच्याकडं पोडावरचा म्हातारा माणूस साहेबाला तोंडावर नाही म्हणत नाही. फॉरेस्टवाला असो, पटवारी असो, संस्थेवाला असो, समोरच्यानं विचारलं की हव. या भागात काम करायचं आणि एवढं कळू नये? मशीननं चूक केली ती नुसती चूक होती. साहेबांनी तिच्यावर माणसाचा शिक्का मारला, आणि शिक्का मारलेल्या चुकीला पुढं कोणी हात लावत नाही. हे सगळं मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, एवढंच वाटत असेल तर जा तुम्ही, फाइल उद्या जाणार आहे.

गेले. मुकुटबनपर्यंत एसटी, पुढं ऑटो, त्यापुढं पाय. आबाजी अंगणात खाटेवर बसला होता. दावेवाली बाई शेजारचीच, मला बघून दारात येऊन उभी राहिली. मी आकड्याचं नावही काढलं नाही. मोबाइल सुरू करून एवढंच विचारलं, “आबाजी, या बाईच्या घरचे हे वावर कव्हापासून वाहतात?”

 बाईनं तोंड उघडलं, तशी मी तिला हातानं थांबवलं. तिला बोलू दिलं असतं तर त्यानं तिलाही हव म्हटलं असतं. तिला बोलायचं होतं, मला दिसत होतं, पण मी हात खाली घेतला नाही. आबाजी बोटांवर काहीतरी मोजत बसला. लेक पोटात होती, बाईची सासू जिवंत होती, त्या साली विहीर खचली. मग म्हणाला, “तीसच्या वरच होईन. तीस त पक्के.”

मी ते लिहिलं, सगळा जबाब पहिल्यापासून त्याला वाचून दाखवला, वनहक्क समितीच्या माणसांना बोलावून त्यांच्यासमोर अंगठा घेतला. काम झालं होतं, पण माझा राग गेला नव्हता. मी विचारलंच, सकाळी फोनवर वीसला हव काहून म्हटलं?

“साहेबाले वीस पाह्यजे होते, म्हणून हव म्हटलं,” तो म्हणाला. “तुमाले काय पाह्यजे, थे समजलंच नाही बाई. मंग खरं सांगा लागलं.”

दारातली बाई त्याच्या खाटेजवळ आली. “माह्यं वावर गेलं असतं ना, आबाजी,” एवढंच म्हणाली. आणि तिच्या सुखदुःखात आजवर धावलेला तो म्हातारा मान खाली घालून अंगठ्याची शाई धोतराला पुसत राहिला.