रिकामा फेज

नागपूरच्या मनीषनगरात आम्ही भाड्याने राहतो ती इमारत तीन मजल्यांची, सहा घरांची. घरमालक दुसरीकडे राहतात. थ्री फेज जोडणी एकच, त्यांच्या नावावर. जिन्याखालच्या लोखंडी पेटीत मेन स्विच, आणि तिथून सहा घरांना सहा सब-मीटर. प्रत्येक मीटरच्या डोक्यावर गोल मुठीचा एक चेंजर बसवलेला आहे. मूठ एकवर ठेवली तर घर पहिल्या फेजवर चालतं, दोनवर दुसऱ्या, तीनवर तिसऱ्या. एखादा फेज गेला की लोक खाली येतात, मूठ फिरवतात आणि वर जाऊन पंख्याखाली बसतात. इथे ही सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे की माझ्या मुलीलाही चेंजर फिरवता येतो.

मी पारशिवनीकडचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. विद्युत अभियांत्रिकी शिकलो आणि एका कारखान्यात देखभाल विभागात लागलो. गावात तर सोडाच, या इमारतीतही मला सगळे ‘इंजिनियर साहेब’ म्हणतात. मला ते आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे.

तळमजल्यावर, जिन्याला लागून, एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी राहतात. आम्ही त्यांना सर आणि काकू म्हणतो. नागपुरात आलो तेव्हा माझं इंग्रजी कच्चं होतं. कारखान्यातल्या बढतीच्या मुलाखतीआधी महिनाभर सरांनी मला रोज संध्याकाळी समोर बसवून बोलायला लावलं. मी अडखळलो की ते हसत नसत, वाट बघत. पुढे त्यांची फुप्फुसं कमकुवत झाली. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी एक मशीन घरी आली आणि नाकाला नळी लावून ते तिच्याजवळ बसू लागले. वीज गेली तर असावा म्हणून ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडरही खोलीत ठेवलेला असे.

एप्रिलमध्ये बाहेरच्या लाइनचं काम चाललं होतं. आठवडाभर कधी पहिला फेज जायचा, कधी दुसरा. तिसरा तेवढा टिकून होता. साहजिकच एकेक करून सगळे तिसऱ्यावर गेले. काम संपलं, तिन्ही फेज आले, पण कोणी मूठ परत फिरवली नाही. दुसऱ्यावर फक्त पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे राहिले. पहिला अगदी रिकामा.

मी एक दिवस व्होल्ट मोजायचं मीटर लावून बघितलं. तिसऱ्यावर भार असल्याने दोनशे चौदा व्होल्ट, पहिल्यावर दोनशे बत्तीस. मला वाटलं, सरांच्या मशीनसाठी याहून चांगलं काय असणार? मी त्यांची मूठ एकवर आणली आणि काकूंना सांगितलं, “हा फेज आता फक्त तुमचा. कोणी वाटेकरी नाही.”

काकूंनी माझ्या हातावर आल्याची वडी ठेवली. “तू आहेस म्हणून मले काळजी नाही गा.”

मेच्या एका रविवारी दुपारी मी जिना उतरत होतो. वरच्या मजल्यावर एसीचा कंप्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी जिन्यातला दिवा उजळला. मंद झाला असता तर मी पुढे गेलो असतो. जास्त भार आला की दिवा किंचित मंद होतो, ते रोजचंच. हा उजळला. मी उभाच राहिलो. थोड्या वेळाने दुसरा एसी लागला. दिवा आणखी उजळला.

सरांच्या दारात काकू उभ्या होत्या. “अरे, तो मशीनचा स्टॅबिलायझर सकाळपासून टकटक करून राहिला. पंखाही कसा भरारा फिरून राहिला बघ.”

मी आत जाऊन प्लगमध्ये मीटर घातलं. दोनशे त्रेसष्ट. बघता बघता दोनशे ऐंशीवर जाऊन परत आलं.

त्या आकड्याने मला जे सांगितलं ते मी दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो. तीन फेजचे प्रवाह एकाच वेळी जोर धरत नाहीत, एकामागून एक धरतात. तिन्हींवर सारखा भार असेल तर परतताना ते एकमेकांना फेडून टाकतात आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, जवळजवळ काही वाहत नाही. फरक असेल तर फरकाएवढं वाहतं. सगळा भार एकाच फेजवर असेल तर जवळजवळ सगळाच्या सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परततो. आणि तो न्यूट्रल कुठे सैल झाला, सुटला, तर एका फेजवरची घरं आणि दुसऱ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी चारशे व्होल्टमध्ये अडकतात. ज्याच्यावर भार मोठा त्याला व्होल्ट कमी मिळतात. ज्याच्यावर सगळ्यात कमी, त्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त. मी सरांना नेमकं तिथे नेऊन बसवलं होतं.

“काकू, तो छोटा सिलिंडर लावा आधी. मशीनचा प्लग काढतो.”

“काहून? काय झालं?”

“लावा आधी.”

त्यांनी नळी बदलली. सर माझ्याकडे बघत राहिले. मी प्लग काढला. सिलिंडर किती वेळ पुरेल असं विचारलं, तर काकू म्हणाल्या, “तासभर म्हणत होता तो देणारा. पण आधी एकदा वापरला आहे.”

मी वायरमनला फोन केला. साठीकडे झुकलेला माणूस, या इमारतीची वायरिंग त्यानेच केलेली. तो येईपर्यंत मी पेटी उघडली. जळक्या प्लास्टिकचा वास आला. वायरीला हात न लावता, चिमटा मीटरने एकेका वायरीभोवतीचा प्रवाह बघितला. पहिल्या फेजवर दोन अँपियर, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर शेहेचाळीस. न्यूट्रलवर त्रेचाळीस. त्याच्या लगशी, वायरीच्या टोकाला स्क्रूने आवळलेल्या धातूच्या पकडीशी, इन्सुलेशन तपकिरी होऊन सोललं होतं.

वरच्या मजल्यावरचे शेठ, धरमपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, रविवारची झोप मोडून खाली आले होते. मी मेन बंद करणार म्हटल्यावर ते भडकले.

“भर दुपारी मेन पाडता का साहेब? पारा कुठं आहे माहीत आहे? सरांची मशीन काढली ना तुम्ही, मग आमचं काहून बंद करून राहिले? संध्याकाळी करा ना आरामात!”

“हा सांधा संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. आणि पेटला तर कुठे पेटेल ते बघा. पलीकडे ऑक्सिजन चालू आहे.”

शेठांनी पेटीकडे बघितलं, मग सरांच्या दाराकडे. “मग आधी काहून नाही बघितलं? इंजिनियर ना तुम्ही?”

 मी मेन खाली ओढला. इमारतीतले सगळे कूलर, पंखे, एसी एकदम थांबले. त्या शांततेत सरांचा श्वास बाहेर ऐकू येत होता.

वायरमन आला तोवर सतरा मिनिटं गेली होती. आधी त्याने टेस्टर लावून चारही वायरी मेल्याची खात्री केली, मग लगचा स्क्रू फिरवला. तो फिरेना.

“भाऊ, वेल्ड झाला हा तर. कोणाचं डोकं चाललं सगळ्यांना तीनवर टाकायचं?”

“लोकांनी आपापले फिरवले,” मी म्हणालो. ते खरं होतं, आणि अर्धंच होतं.

“फिरवतीलच. पण ही केबल साडेतीन कोरची. तीन वायरी जाड, न्यूट्रल बारीक. परत येणारं थोडंच राहते, या हिशोबाने बनवतात. त्यात अॅल्युमिनियम. तापते, फुगते, थंड होते, बसते. दर वेळी सैल.” तो बोलता बोलता जळका भाग कापत होता. कापल्यावर वायर आखूड पडली. नवा तुकडा जोडावा लागणार होता, आणि त्या मापाची जोडनळी त्याच्या पिशवीत नव्हती.

आतून काकूंनी हाक मारली. “सिलिंडरचा काटा लालवर आला रे.”

शेठ गाडीची किल्ली घेऊन निघाले. जाता जाता काकूंना एवढंच म्हणाले, “सिलिंडर कुठून आणता तुम्ही, तेवढा पत्ता सांगा. आणि तुमचं ते काय लागते, जोडनळी, कितीची?” हे वायरमनला. त्याने माप सांगितलं.

मी आत जाऊन सरांना पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. त्यांच्या ओठांना निळसर छटा होती, की मला तसं वाटत होतं, आजही सांगता येत नाही. काकू काट्याकडे बघत होत्या. 

शेठ परतले तेव्हा सिलिंडर संपायला आला होता. नवा लावला. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, तरी ते पंखा नसलेल्या त्या खोलीतच बसून राहिले.

जोड झाला, नवा लग बसला. मेन वर करण्याआधी मी आणि वायरमनने सहाही चेंजर ठरवून लावले: कोणाकडे एसी, कोणाकडे फक्त कूलर, हे विचारून. सगळं सुरू केल्यावर पुन्हा चिमटा फिरवला. एकोणीस, चौदा, अठरा. न्यूट्रलवर साडेचार. सरांचं घर आता वरच्या एका घराबरोबर वाटून घेतलेल्या फेजवर होतं.

संध्याकाळी मी मीटर घेऊन त्यांच्या दारी गेलो. काकू उंबऱ्यावरच होत्या.

“वायरमन सांगून गेला ना, सगळं बरोबर आहे म्हणून.”

त्या बाजूला झाल्या नाहीत. मी तिथेच उभ्याने सांगितलं, की तो रिकामा फेज मी दिला होता, आणि तो रिकामा होता म्हणूनच धोक्याचा होता. लोकांनी सगळा भार एकीकडे नेलेला मला दिसला होता, आणि तो वाटून देण्याऐवजी मी त्याचा फायदा शोधला.

 आतून सरांचा आवाज आला, मशीनच्या घरघरीवरून कसाबसा.

“येऊ दे वं त्याले.”

मी आत गेलो. सरांनी विचारलं, “न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर माझ्याकडे किती आले असते?”

“साडेतीनशेच्या वर, सर.”

त्यांनी मान हलवली. मुलाखतीची तयारी करताना चुकलेलं वाक्य मी दुरुस्त करीपर्यंत ते असेच थांबायचे.  मी प्लगमध्ये मीटर घातलं.

“दोनशे चोवीस,” मी म्हणालो.

काकू चष्मा लावून माझ्याजवळ आल्या, वाकल्या आणि आकडा स्वतः वाचला.